घरचं पार्लर आणि सर्व्हिस ॲप: जॉइन करावं का? कमिशन, डिस्काउंट आणि आपल्याच क्लायंटचा प्रश्न

मृण्मयी_चिंचवड

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. चिंचवडला घरीच पार्लर आहे माझं, हॉलला लागून एक छोटी खोली आहे तिथे एक खुर्ची, एक फेशियल बेड आणि बेसिन, बास. क्लायंट सगळ्या आजूबाजूच्या सोसायट्यांमधल्या, एकीने दुसरीला सांगून आलेल्या. शनिवार रविवार जेवायला वेळ मिळत नाही पण मंगळवार ते गुरुवार दुपारी बारा ते पाच खोली अक्षरशः रिकामी असते. हेच मला भरायचंय.

एका ॲपवाल्यांचा माणूस येऊन गेला. क्लायंटच्या घरी जाऊन सर्व्हिस द्यायची, 25 टक्के कमिशन, सुरुवातीला ग्राहकांना 20 टक्के डिस्काउंट 'आम्ही चालवू' म्हणाला, वॅक्स वगैरे सगळं त्यांच्याकडूनच घ्यायचं. महिन्याला 20 ऑर्डर तर आरामात पडतील म्हणतोय.

दुसरीकडे भीती पण वाटते. परवा एक जुनी क्लायंट, हाताला वॅक्स लावलेलं, मी पट्टी ओढतेय आणि ती दुसऱ्या हाताने मोबाईल दाखवते, ताई हे बघा इथे फुल आर्म्स, फुल लेग्ज आणि क्लीनअप मिळून 800 दाखवतंय, तुम्ही 850 घेता. वाईट हेतूने नाही म्हणाली, सहज. पण माझ्या डोक्यातून जात नाहीये. म्हणजे मी तिथे गेले नाही तरी क्लायंट जाणार आणि गेले तर माझ्याच क्लायंट मला स्वस्तात बुक करणार, असं आहे का हे? कोणी केलंय का?

शलाका_के

बिनधास्त घे गं. कमिशन म्हणजे जाहिरातीचा खर्च असं समज, पॅम्फ्लेट वाटली तरी पैसे जातातच ना, इथे निदान काम मिळाल्यावरच जातात. शंभरातले 75 तुझे, शिवाय रिकाम्या वेळेत आलेले, म्हणजे फायदाच. फक्त एक, ॲपवर गेलीस की जीएसटी नंबर कंपलसरी लागतो, माझ्या बहिणीला घ्यायला लागला होता, सीएचा खर्च धरून चल.

टिफिनवाली_नेहा

माझं पार्लर नाही पण अनुभव तोच आहे म्हणून लिहिते. घरून डबे देते, एका फूड ॲपवर गेले. ऑर्डर आल्या खऱ्या पण आमच्याच बिल्डिंगमधले दोघं जे थेट डबा न्यायचे ते ॲपवरून मागवायला लागले, कारण कूपन. दार तेच, डबा तोच, माझ्या हातात पैसे कमी. त्यांना बोलायचं तरी काय, शेजारी आहेत. ॲप सोडलं तेव्हा त्यातला एकच परत आला, दुसऱ्याला तोवर भलतीच पोळीभाजी आवडायला लागली.

प्रज्ञा७८

ॲपवरून फेशियल करून घेतलंय का कोणी? कोणतं चांगलं आहे, माझी स्किन ऑयली आहे आणि पुढच्या महिन्यात घरात मुंज आहे

मृण्मयी_चिंचवड

प्रज्ञा, वेगळा धागा काढ ना, इथे हरवेल तुझा प्रश्न. पण मुंजीच्या अगदी आदल्या दिवशी नवीन काही करू नकोस, चार-पाच दिवस आधी कर.

शलाका, 75 माझे हाच हिशोब मी पण केला होता पण नेहाचं वाचून थांबले.

सुनंदा_कोथरूड

मृण्मयी, मी घरचं पार्लर बरीच वर्षं चालवलंय आणि मधे एका ॲपवर काम पण केलंय, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, 75 हातात येत नाहीत. त्या माणसाला एकच प्रश्न विचार, कमिशन कशावर कापता, डिस्काउंटच्या आधीच्या रकमेवर की नंतरच्या? आणि 'डिस्काउंट आम्ही चालवू' म्हणजे तो पैसा कंपनीच्या खिशातून जाणार की तुझ्या? 'चालवू' हा शब्द फार सांभाळून वापरतात ही मंडळी.

समज दर 1000 आहे, 20 टक्के डिस्काउंट तुझ्याकडून, ग्राहक 800 देणार. तुझ्या क्लायंटने दाखवलेले 800 हेच. आता कमिशन मूळ 1000 वर असेल तर 250 गेले. त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे अजून 45. उरले 505. त्यांच्याकडूनच घ्यायचं सामान, मोनोडोजची पाकिटं, डिस्पोजेबल चादर, गाऊन सगळं धरून 160 तरी जातील. स्कूटीचं पेट्रोल, पार्किंग, कधी रिक्षा, सरासरी 70 धर. राहिले 275.

हीच सर्व्हिस तुझ्या खोलीत 850 ला करतेस. सामान 130 धरू, कारण तू डबा आणून वापरतेस. उरले 720. आणि तुझ्याकडे त्याला सव्वा तास लागतो, ॲपवर जाऊन येऊन दोन तास पूर्ण जातात, कारण लिफ्ट, गेटवरची एंट्री, बेड उघडणं, आवरणं हे सगळं तुझ्याच वेळातून जातं. म्हणजे 720 सव्वा तासाचे आणि 275 दोन तासांचे. कमिशन डिस्काउंटनंतरच्या रकमेवर असेल तर 59 रुपये जास्त हातात पडतील, तेवढाच काय तो फरक. हे आकडे मी अंदाजाने घेतलेत, तू तुझे घालून बघ, पण असंच ओळीने मांड.

तरीही रिकाम्या खोलीत शून्य येण्यापेक्षा 275 बरे, हे शलाकाचं म्हणणं मी खोडत नाही. पण ते खरं केव्हा, तर त्या 20 ऑर्डरमुळे तुझं जुनं काही हललं नाही तरच. इथेच गोम आहे. तुझी क्लायंट ॲपवर तुझं नाव बघून बुक करते, पण पाठवतात कुणाला? जवळची जी मोकळी असेल तिला. तू दुसरीकडे ऑर्डरवर असलीस की तुझी क्लायंट दुसरीच्या हातात गेली. मग 445 चा फरक नाही, पूर्ण 720 गेले. महिन्याला 20 ऑर्डरचे मिळाले 5500, आणि महिन्याला अशा आठ व्हिजिट जरी इकडून तिकडे गेल्या तरी 5760 गेले. वीस आल्या आणि आठ गेल्या की तू मायनसमध्ये, वर जिने चढलीस ते वेगळं.

शलाका_के

बापरे, मी हे सामान आणि जाण्यायेण्याचं धरलंच नव्हतं. पण सुनंदाताई, सगळ्याच जुन्या क्लायंट काही ॲपवर जात नाहीत ना? ज्या माणसासाठी येतात त्या येतातच.

सुनंदा_कोथरूड

त्या टिकतात गं, फेशियल, हेअर कलर, रूट टचअप ज्यात हात ओळखीचा लागतो त्यातल्या टिकतात. वॅक्सवाल्या हलतात आधी. वॅक्समध्ये ग्राहकाला फरक फार जाणवत नाही, वेळ वाचला आणि घरी झालं की झालं. म्हणून मृण्मयी, तुझं महिन्याचं उत्पन्न वॅक्समधून किती आणि बाकीच्यातून किती हे वहीत बघ. वॅक्स निम्म्याच्या वर असेल तर तुला धोका जास्त.

अकाउंट्स_नितीन

जीएसटीबद्दल दुरुस्ती करतो, हे माझं रोजचं काम आहे. शलाकाताई, ॲपवरून सेवा देता म्हणून लगेच नंबर घ्यावाच लागतो असं नाही. 2017 च्या नोटिफिकेशननुसार सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर ॲपवर असूनही सूट आहे. तुमच्या बहिणीचं वस्तू विकायचं काम असेल, तिथले नियम वेगळे आहेत. मात्र काही कंपन्या स्वतःच्या अटीत नंबर मागतात, तो कायदा नाही, त्यांची अट.

पण त्यामुळे होतं काय, की सुनंदाताईंनी लिहिलेले ते 45 रुपये कुठूनही परत मिळत नाहीत. नंबर नाही तर क्रेडिट नाही, म्हणजे भरलेला जीएसटी वळता करून घेता येत नाही. आणि नंबर घेतला तरी पार्लरच्या सेवांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के दर आहे तो क्रेडिटशिवायचा आहे. त्यामुळे 25 टक्के कमिशन म्हणजे तुमच्यासाठी साडेएकोणतीस टक्के, हे पक्कं धरा.

टीडीएसची काळजी नको. ॲपवाले ऑक्टोबर 2024 पासून 0.1 टक्का कापतात, आणि व्यक्तीच्या नावावर काम असेल, पॅन किंवा आधार दिलेला असेल आणि वर्षाला ॲपवरची रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर तेही नाही. पॅन दिला नाही तर 5 टक्के जातात, तेव्हा पॅन पहिल्याच दिवशी द्या.

शलाका_के

हो, तिचं ज्वेलरीचं होतं. मग तेच असेल.

जयश्री_हडपसर

मी सध्या ॲपवर फुल टाइम आहे, वर्ष झालं, म्हणून दुसरी बाजू मांडते. मी लातूरहून लग्न होऊन इकडे आले, इथे मला ओळखणारं कुणी नव्हतं, घरात खोली पण नाही पार्लर काढायला. पार्लरमध्ये नोकरी केली तर पगार बेताचा आणि दिवसभर उभं. ॲपने ट्रेनिंग दिलं, आयडी मिळाला आणि लोक दार उघडतात, कारण ॲपचं नाव आहे. माझ्यासाठी हे चांगलंच झालं, रोज चार ऑर्डर सलग जवळजवळ लागल्या की दिवस छान निघतो. कमिशन बोचतं पण माझ्याकडे गमवायला जुन्या क्लायंटच नव्हत्या. त्यामुळे सगळ्यांनाच वाईट आहे असं लिहू नका प्लीज.

मृण्मयीताई, तुम्हाला मात्र एक सांगते. तुम्हाला मंगळवार दुपार भरायचीय ना, ॲपला ती नकोच असते. ऑर्डर पडतात शनिवार रविवार आणि सणाच्या आधी. आमच्याकडे शनिवार रविवार ऑन राहावंच लागतं, नाहीतर लीड कमी होतात. ऑर्डर सारख्या नाकारल्या तर पण आयडी थांबतो, मग परत ट्रेनिंगला बोलावतात. मंगळवारी बारा ते पाच एखादी आली तर आली. म्हणजे तुम्ही घरचा शनिवार सोडून त्यांचा शनिवार करणार.

मृण्मयी_चिंचवड

जयश्री हे मला कुणीच सांगितलं नव्हतं!! तो माणूस फक्त 'तुमच्या वेळेनुसार काम' एवढंच घोकत होता. शनिवारी माझ्या घरी सकाळपासून लाइन असते, मी जाणार कशी. आता फोन करून वीकेंडचं आणि त्या डिस्काउंटचं स्पष्ट विचारते.

अकाउंट्स_नितीन

हे दुखणं नवीन नाही. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये गुरुग्रामला अर्बन कंपनीच्या ऑफिससमोर ब्युटीशियन बायकांनी आंदोलन केलं होतं, कमिशन, रेटिंग, सामान सक्तीने घ्यायला लावणं हेच मुद्दे होते. त्यानंतर कंपनीने जास्तीत जास्त कमिशन 30 वरून 25 वर आणायचं जाहीर केलं. डिसेंबरमध्ये परत आंदोलन झालं, तेव्हा कंपनी कोर्टात गेली. सांगायचं एवढंच की टक्केवारी कायमची नसते, ॲपवाले ती खाली वर करू शकतात आणि तुम्हाला फक्त 'आय ॲग्री' दाबायचं असतं.

ओवी_नाशिक

मृण्मयी, तू घरी जाणारं ॲप कशाला बघतेस, बुकिंगचं ॲप घे. तिथे क्लायंट तुझ्याकडे येते, आपण जायचं नाही. मी तेच वापरते. कमिशन फक्त नवीन क्लायंटवर पहिल्या वेळेला, नंतर ती तुझी. जुन्या क्लायंटवर एक पैसा नाही. प्रश्नच मिटला.

सुनंदा_कोथरूड

ओवी, अर्धं बरोबर आहे. घरच्या पार्लरला तेच मॉडेल जास्त जुळतं, कारण कमिशन एकदाच जातं आणि क्लायंट खरंच तुझी होते. नवीन क्लायंट पुढे वर्षभर येणार असेल तर पहिल्या बिलाचा तुकडा दिला तरी परवडतं. तिकडच्या ॲपमध्ये नंबरच लपवलेला असतो, ती क्लायंट कितीही वेळा आली तरी दर वेळी कापणारच.

पण 'नवीन' कोण हे ठरवतं ॲप. तुझी जुनी क्लायंट समजा ॲपवर सहज 'चिंचवड पार्लर' शोधते, तुझं नाव दिसतं, बुक करते. ॲपच्या दृष्टीने ती नवीन. कमिशन कापलं. हे टाळायचं तर आधीच सगळ्या जुन्या क्लायंटचे नंबर ॲपमध्ये भरून ठेवायला लागतात.

ओवी_नाशिक

हो मी भरलेत सगळे. त्यात काय झालं?

सुनंदा_कोथरूड

झालं काही नाही, पण तुझी इतक्या वर्षांची वही त्यांच्याकडे गेली ना. आता तुझ्या क्लायंटला त्यांचे मेसेज जाणार का, 'तुमच्या जवळच्या पार्लरमध्ये 30 टक्के सूट' असे, आणि त्या यादीत तू एकटीच असणार का तुझ्या शेजारची पण, हे त्यांच्या अटींमध्ये बघितलंस का?

ओवी_नाशिक

नाही बघितलं. बघते. पण मला तरी आत्तापर्यंत कुणी क्लायंट असं बोललेली नाही.

टिफिनवाली_नेहा

पण नंबर भरले नाहीत तर जुन्यांवर कमिशन, भरले तर यादी त्यांच्याकडे. दोन्हीकडून तेच की.

सुनंदा_कोथरूड

हो, आणि याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी मधला रस्ता काढला होता. ज्या महिन्यातून येतात आणि मला थेट व्हॉट्सॲप करतात त्यांचे नंबर भरले नाहीत, त्या ॲपवर जाणारच नाहीत. ज्या कधीतरी सहा महिन्यांनी येतात तेवढ्यांचेच भरले. आणि ॲपची बुकिंग लिंक स्वतःच्या स्टेटसला कधी ठेवली नाही. बऱ्याच जणी तेच करतात आणि आपल्याच बायकांना आपल्याच हाताने तिकडे पाठवतात.

रश्मी_डोंबिवली

गुगलवर प्रोफाइल फुकट काढता येतं, ते का नाही करत कोणी? मी केलं, 'पार्लर नियर मी' वर येतं, रिव्ह्यू येतात, कमिशन नाही. एकच त्रास झाला, घरचा पत्ता सगळ्यांना दिसत होता आणि रात्री नको ते फोन यायला लागले, मसाज आहे का वगैरे. मग पत्ता लपवून फक्त एरिया ठेवला, तशी सोय आहे त्यात. नावात 'ओन्ली लेडीज' टाकलं आणि वेगळं सिम घेतलं. आता फोनवर बोलून, बाईमाणूस आहे बघून, मगच बिल्डिंगचं नाव सांगते. घरात पोरं आहेत, हे आधी.

मृण्मयी_चिंचवड

रश्मी हे फार कामाचं सांगितलंस, सिमचं तर उद्याच करते.

सुनंदाताई, वही काढून बसले. वॅक्स जवळजवळ साठ टक्के निघालं माझं, म्हणजे तुम्ही म्हणता तो धोका मलाच. मग मंगळवार दुपारचं काय करू? खोली रिकामीच ठेवू का?

सुनंदा_कोथरूड

डिस्काउंट द्यायचाच आहे ना, मग स्वतःच्या दारात दे. मंगळवार ते गुरुवार बारा ते चार, तीच सर्व्हिस 850 ऐवजी 595 ला, म्हणजे 30 टक्के सोडलेस तरी सामान जाऊन 465 उरतात. ॲपच्या 275 पेक्षा कितीतरी बरे आणि चप्पल घालावी लागत नाही.

पण शनिवारवाल्यांना हा मेसेज टाकू नकोस. ज्या पूर्ण पैसे देऊन येतात त्याच मंगळवारी सरकल्या तर दर बाईमागे 255 गेले आणि मिळालं काही नाही. ही सूट कुणाला, तर जिचं तुझ्याकडे आजवर नाव नाही तिला, आणि जुन्या क्लायंटने तिला आणलं असेल तर जुनीला एक आयब्रो फुकट. तुझी पाच मिनिटं जातात आणि तिला मान दिल्यासारखं होतं.

मृण्मयी_चिंचवड

पण ताई माझ्या सगळ्या नोकरीवाल्या आहेत, त्यांच्या मैत्रिणी पण नोकरीवाल्याच. मंगळवारी दुपारी येणार कोण?

रश्मी_डोंबिवली

शाळेच्या टीचर. सकाळची शाळा सुटली की दीडला मोकळ्या होतात. माझ्या दुपारच्या निम्म्या त्याच आहेत.

जयश्री_हडपसर

आणि सोसायटीतल्या आज्या! मला ॲपवरून पेडिक्युअरला बोलावतात, खाली वाकून नखं कापता येत नाहीत त्यांना, सुनांना वेळ नसतो. त्यांना दुपारच हवी असते, आणि तुमच्याच सोसायटीत असतील तर जाण्यायेण्याचे 70 पण वाचले. फक्त शुगर आहे का विचारून घ्या, असेल तर कडेची कातडी अजिबात कापायची नाही, पायाला जखम असेल तर डॉक्टरकडे जा म्हणून सांगायचं, हात लावायचा नाही.

मृण्मयी_चिंचवड

आमच्या तीन विंगमध्ये मिळून अशा बऱ्याच आज्या आहेत, सकाळी खाली बाकावर बसलेल्या असतात. कधी डोक्यातच आलं नाही.

त्या माणसाला फोन केला होता. म्हणाला डिस्काउंट निम्मा कंपनी, निम्मा माझा, आणि कमिशन 'ऑर्डर व्हॅल्यू'वर. ऑर्डर व्हॅल्यू म्हणजे 1000 की 800 विचारलं तर म्हणे सिस्टममध्ये दिसेल. वीकेंडचं विचारलं तर 'मॅनेज करू'. मी लेखी मागितलंय, बघू काय पाठवतो.

अकाउंट्स_नितीन

लेखी आलं की त्यात दोन गोष्टी शोधा. एक, ॲपवरच्या ग्राहकाला थेट सेवा द्यायची नाही असं कलम असतं, ते किती महिन्यांसाठी आहे. दोन, तुमची आधीपासूनची क्लायंट एकदा ॲपवरून बुक झाली तर ती त्या कलमात येते का. येत असेल तर तुमच्याच खोलीत तिचं वॅक्स केलंत म्हणून ते तुमचा आयडी बंद करू शकतात. 'सामील होण्याआधीच्या क्लायंट यातून वगळल्या' अशी एक ओळ मेलवर मागा. देतील की नाही ते मी सांगू शकत नाही.

शलाका_के

देणार नाहीत असं मला वाटतं. पण मृण्मयी, तू एकदम नाही पण म्हणू नकोस. तीन महिने फक्त लांबच्या एरियात काम घेऊन बघता येईल ना, रावेत-पुनावळे साइडला, तुझ्या क्लायंट तिथे नाहीतच. तुझ्यावर परिणाम होणार नाही.

जयश्री_हडपसर

एरिया आपण निवडतो पण तो हब असतो मोठा, चिंचवड त्यातच येऊ शकतं. आणि लांब गेलं की जायला यायला अजून वेळ. पण शलाकाताईंचं अगदीच चूक नाही, हब वेगळा मिळाला तर होऊ शकतं.

मृण्मयी_चिंचवड

हब कुठला ते पण विचारते. तोपर्यंत टीचर आणि आज्या दोन्हीकडे मेसेज टाकतेय. पेडिक्युअर घरी जाऊन किती घेऊ गं? पार्लरमध्ये 500 घेते. आज्यांना 500 सांगायला जीव होत नाहीये पण टब उचलून न्यायचा आहे.

सुनंदा_कोथरूड

500 च सांग. साधं नखं कापणं, घासणं, क्रीम एवढंच हवं असेल तर 250 चं वेगळं ठेव. आणि टब नेऊ नकोस, त्यांच्याच बाथरूममधली बादली घे, पाठ जाईल तुझी.

प्रज्ञा७८

पेडिक्युअर बाणेरला पण घरी येऊन कराल का? आईसाठी हवं होतं.